रिपोर्टात नसलेले दोन क्षार

लॅबमध्ये ‘इलेक्ट्रोलाइट्स’ करायला रक्त दिले की हाती येणाऱ्या कागदावर तीन आकडे असतात : सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस त्यात नसतात. ते वेगळे लिहून मागावे लागतात आणि त्यांचे पैसेही वेगळे पडतात. शिवाय कागद पाहताना काही राहिले आहे असे वाटतच नाही. जो अनेक वर्षे लघवीची गोळी घेतो आहे आणि ज्याचे जेवण गेले काही आठवडे सुटले आहे, अशा माणसाच्या बाबतीत मात्र नेमके हे न मागितलेले दोन आकडेच बिघडलेले असण्याची शक्यता मोठी असते.

उदाहरणासाठी एक आजी घेऊ. ही कोणी एक व्यक्ती नव्हे. मेडिसिनच्या वॉर्डात वर्षभर येत राहणाऱ्या अनेक रुग्णांची मिळून ती बनली आहे. वय ७२. हृदय कमजोर, म्हणून पायांवर सूज येते आणि त्यासाठी टॉरसेमाइड २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी आहे. ही क्लोरथॅलिडोनसुद्धा लघवीचीच गोळी, पण ‘बीपीची’ म्हणून घेतली जात असल्याने घरात कोणी तिला त्या हिशेबात धरत नाही. आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, जे कधीतरी पाच दिवसांसाठी दिले होते आणि चार वर्षे झाली तरी चालू आहे.

चार महिन्यांपूर्वी आजींचे वजन ४७ किलो होते, आता ४१ आहे. तोंडाला चव नाही. चहाबरोबर दोन बिस्किटे, दुपारी तांदळाची पेज, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, मधूनमधून ग्लुकोजचे पाणी. आजारी माणसाला पचायला हलके द्यावे या भावनेने सून हे सगळे मनापासून करते. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिठूळ साखर. त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस नावापुरते. पॉलिश केलेल्या तांदळाच्या पातळ पेजेतही फार काही उरत नाही. मॅग्नेशियम असते ते ज्वारी-बाजरीत, डाळींत, तिळात, शेंगदाण्यात, पालेभाज्यांत. फॉस्फरस दूध, दही, अंडी, मासे आणि डाळींत. म्हणजे ‘जड’ म्हणून आजींच्या ताटातून जे जे काढले गेले, नेमके त्यात.

“डॉक्टर, आईंना रात्री पायात वांब येतात, हात थरथरतात, आणि दोन दिवस झाले नुसत्या झोपून आहेत,” सून सांगते. तपासणीत सोडियम १३०, पोटॅशियम २.६. पोटॅशियम साडेतीनच्या वर हवे. इसीजीवर मधूनच जादा ठोके दिसतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, म्हणजे क्यूटी, लांबलेला आहे. निदान सोपे वाटते : लघवीच्या गोळीने पोटॅशियम गेले, भरून द्या. सलाईनमधून सावकाश पोटॅशियम सुरू होते, तोंडाने सिरप दिले जाते. या सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि चव अशी की पाण्यात मिसळूनही रुग्ण तोंड वाकडे करतो. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासले जाते. पोटॅशियम २.८.

इथे डोस आणखी वाढवण्याचा मोह होतो. खरे तर थांबून विचारायला हवे, की एवढे पोटॅशियम घातले ते गेले कुठे?

ते लघवीतून गेले. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या भागात पेशींच्या अंगावर पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या असतात. पेशीतले मॅग्नेशियम या वाहिन्यांच्या तोंडाशी आतल्या बाजूने बुचासारखे अडकून बसते आणि पोटॅशियमची गळती मर्यादेत ठेवते. मॅग्नेशियम कमी झाले की बूच निघते आणि वरून कितीही पोटॅशियम ओता, ते वाहून जाते. त्यात लघवीच्या गोळ्यांमुळे या शेवटच्या भागात सोडियम जास्त पोहोचते आणि ते पोटॅशियमला बाहेर ओढायला आणखी मदत करते. मॅग्नेशियम कमी असले की पोटॅशियम भरत नाही, हे डॉक्टरांना अनुभवाने पूर्वीपासून माहीत होते. पण या बुचाचा हिशेब हुआंग आणि कुओ या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये एकत्र मांडला, तेव्हा त्यामागचे कारण नीट कळले.

आजींचे मॅग्नेशियम शेवटी मागवले जाते. ०.९ मिलिग्रॅम. साधारणपणे ते १.७ ते २.२ च्या दरम्यान असते. कॅल्शियमही कमी निघते, अल्ब्युमिन कमी असल्याची सूट दिली तरी कमी. हेही त्याच मुळाचे फळ आहे. मॅग्नेशियम फार खाली गेले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कॅल्शियम वाढवणारे संप्रेरक नीट सोडत नाहीत आणि जे सोडले जाते त्याला हाडे दाद देत नाहीत. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर तीन मिनिटे फुगवून ठेवला, तर आजींचा पंजा आपोआप आत वळतो आणि बोटे ताठ होऊन एकत्र येतात. ही साधी तपासणी पलंगाशेजारी करता येते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कमतरतेकडे बोट दाखवते. तिथे कॅल्शियमची इंजेक्शने देत बसले तर तेही पोटॅशियमसारखेच टिकत नाही.

आता मॅग्नेशियम कशाने गेले? आजींच्या बाबतीत तीन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात. मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या मॅग्नेशियमपैकी साठ-सत्तर टक्के नलिकेच्या एका विशिष्ट वळणात परत शोषले जाते, आणि टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड नेमके तिथेच काम करते. त्यापुढच्या भागात उरलेल्यातले थोडे वाचवले जाते. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड या गटाची औषधे तो शेवटचा आधारही काढून घेतात. दोन्ही गटांच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर गळती दुहेरी होते. उलट स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि ॲमिलोराइड ही लघवी वाढवणारी औषधेच असली, तरी ती मॅग्नेशियम आणि पोटॅशियम वाचवतात.

तिसरी वाट पोटातली. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांच्या गटाची औषधे दीर्घकाळ घेतली तर काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियमचे शोषण कमी होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०११ मध्ये याची सूचना काढली. नोंदवलेले बहुतेक रुग्ण वर्षाहून अधिक काळ ही गोळी घेणारे होते, आणि त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश जणांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, गोळीच बंद करावी लागली. आपल्याकडे ही गोळी ‘इतर गोळ्या पोटाला लागू नयेत’ म्हणून सर्रास वर्षानुवर्षे चालू राहते, आणि ती कधी थांबवायची हे चिठ्ठीवर जवळपास कधीच लिहिलेले नसते.

गळती मूत्रपिंडातून आहे की आतड्यातून, हे लघवी सांगते. रक्तात मॅग्नेशियम कमी असताना निरोगी मूत्रपिंड कंजूस होते. गाळलेल्या शंभर भागांतले दोनही बाहेर जाऊ देत नाही. एकाच वेळी घेतलेल्या रक्त आणि लघवीतले मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन मोजून हा हिशेब निघतो. आजींचा आकडा आला सात. म्हणजे शरीर रिकामे होत असताना मूत्रपिंड सोडतेच आहे, आणि मुख्य दोष लघवीच्या गोळ्यांचा. आकडा दोनच्या आत आला असता तर बोट जेवण आणि पँटोप्राझोलकडे गेले असते. ही लघवी मात्र मॅग्नेशियमचे इंजेक्शन देण्याआधी घ्यायची, नाहीतर औषधच बाहेर येऊन हिशेब फसवते.

आणखी एक फसवी गोष्ट. शरीरात एकूण मॅग्नेशियम पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, बहुतेक उरलेले पेशींत, आणि रक्तात जेमतेम एक टक्का. त्यामुळे रिपोर्टात १.७ आले म्हणजे साठा भरलेला आहे असे नाही. लघवीची गोळी चालू आहे, खाणे नाही आणि पोटॅशियम हट्टाने खालीच आहे, अशा वेळी सामान्य आकड्यावरही अनुभवी डॉक्टर मॅग्नेशियम देऊन पाहतात.

आजींना दिले गेले मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला दवाखान्यात सगळे ‘मॅगसल्फ’ म्हणतात. गरोदरपणातल्या झटक्यांवर वापरतात तेच. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते. हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडले असते तर २ ग्रॅम काही मिनिटांत द्यावे लागले असते. तशी वेळ नसल्याने ४ ग्रॅम थोड्या सलाईनमध्ये मिसळून बारा तासांत, आणि हेच आणखी दोन दिवस. घाई न करण्याचे कारण साधे आहे. रक्तातली पातळी झपाट्याने चढली की मूत्रपिंड जास्तीचे लगेच फेकून देते. सावकाश दिले तरी निम्म्यापर्यंत वाया जाते, आणि पेशींत शिरायला वेळ लागतो तो वेगळाच. या काळात नर्स गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, हे पाहत राहतात. मॅग्नेशियम प्रमाणाबाहेर गेले तर ही प्रतिक्रिया आधी नाहीशी होते, श्वास त्यानंतर मंदावतो. कॅल्शियम ग्लुकोनेट उतारा म्हणून हाताशी ठेवलेले असते.

चौथ्या दिवशी मॅग्नेशियम १.७ झाले आणि पोटॅशियम ३.७, सिरपचा डोस न वाढवता. थरथर थांबली. इथे एक खबरदारी राहून जाते : बूच परत बसल्यावर आधीच्याच प्रमाणात पोटॅशियम चालू ठेवले तर ते भलतीकडे चढू शकते, विशेषतः टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम राखणारी गोळी चालू असताना. म्हणून सिरप त्याच दिवशी निम्म्यावर आले.

इथवरची गोष्ट मॅग्नेशियमची झाली. फॉस्फेटची गोष्ट मात्र आजी बऱ्या होऊ लागल्यावर सुरू होते, आणि म्हणूनच ती नजरेतून निसटते.

दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी आजी झोपाळू होत्या, गिळताना ठसका लागत होता, म्हणून नाकातून रायल्स ट्यूब घातली गेली. मुलगा म्हणाला, “महिनाभर पोटात काही नाही, आता नळी आहे तर भरपूर द्या.” त्याचे म्हणणे कोणालाही पटेल असे होते. दर दोन तासांनी पावडर मिसळलेले दूध सुरू झाले, दिवसाला जवळपास १,८०० कॅलरी. शिवाय डेक्स्ट्रोजच्या बाटल्या चालू होत्याच. आजींचा फॉस्फरस त्या दिवशी २.४ होता. सामान्य मर्यादा २.५ ते ४.५, म्हणजे फरक इतका किरकोळ की कोणी त्याखाली रेघही ओढली नाही.

उपाशी शरीर चरबी जाळून चालते आणि इन्शुलिन खाली असते. पेशींतला फॉस्फेटचा साठा हळूहळू झिजत असतो, पण रक्तातला आकडा बराच काळ सावरलेला दिसतो. अशा शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन उसळते, आणि पेशी साखर वापरायला लागताच रक्तातला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आत खेचतात. साखर जाळून ऊर्जा साठवण्याचे जे रसायन, एटीपी, त्याच्या बांधणीतच फॉस्फेट लागतो. दुधात फॉस्फरस असतो हे खरे, पण या ओढीपुढे तो पुरत नाही. साध्या डेक्स्ट्रोजमध्ये तर तो मुळीच नसतो.

पाचव्या दिवशी सकाळी आजींना पाण्याचा पेला उचलेना. श्वास उथळ आणि भरभर. छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ, ताप नाही. न्यूमोनियाची शंका घेऊन अँटिबायोटिक बदलण्याच्या बेतात असतानाच फॉस्फरसचा आकडा आला : ०.९. पोटॅशियमही पुन्हा ३.३ वर घसरलेले. एकच्या खाली फॉस्फरस गेला की श्वासाचे पडदे थकतात, हृदयाचे आकुंचन ढिले पडते, स्नायू विरघळू लागतात, माणूस बरळू लागतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण विनाकारण सुटत नसेल तर हा आकडा पाहिलेला बरा.

याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसलेल्या जपानी युद्धकैद्यांपैकी काही जण पुरेसे अन्न मिळू लागल्यावर दगावले, अशी नोंद १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९८१ मध्ये वाइन्सियर आणि क्रमडिक या अमेरिकी डॉक्टरांनी दीर्घकाळ कुपोषित असलेल्या दोन रुग्णांची हकीकत लिहिली. शिरेतून जोरदार पोषण सुरू केल्यावर फॉस्फेट कोसळून ते दोघेही गेले होते.

धोका कोणाला, हे ओळखायला ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ मध्ये निकष दिले. अन्न सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम कमी असणे, ही एकच गोष्ट पुरेशी आहे. दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाणे, हीसुद्धा. किंवा मग सौम्य वाटणाऱ्या गोष्टींपैकी दोन : उंचीच्या मानाने वजन कमी, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटलेले, पाच दिवस उपास, किंवा दारू, इन्शुलिन, केमोथेरपी, अँटासिड आणि लघवीची औषधे. लघवीच्या गोळीचे नाव या यादीत आहे, हे वॉर्डात फारसे कोणाला आठवत नाही. आजी या यादीत एकदा नव्हे, अनेकदा बसतात. त्यांना पहिल्या दिवशी दर किलोला दहा कॅलरी, म्हणजे चारशेच्या आसपास द्यायला हव्या होत्या, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवायला. अन्नाच्या आधी थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. साखर जाळताना तेही संपते, आणि ते संपले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता नळीतले अन्न निम्म्याहून कमी झाले, डेक्स्ट्रोज बंद, थायमिन सुरू. पोटॅशियम फॉस्फेटच्या इंजेक्शनमधून १५ मिलिमोल फॉस्फेट सलाईनमध्ये मिसळून सहा तासांत दिले गेले. त्याबरोबर वीस-बावीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम आपोआप जाते, ते वेगळ्या पोटॅशियममधून वजा केले. हे औषध कॅल्शियमच्या नळीतून कधीच द्यायचे नाही, कारण दोन्ही एकत्र आले की खडूसारखा गाळ बसतो. घाईने दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक खाली जाते. संध्याकाळी फॉस्फरस १.८, दुसऱ्या दिवशी २.३. मग तोंडाने फॉस्फेटची पुडी आणि दूध. एका मोठ्या कपभर दुधात दोनशेहून अधिक मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, आणि सौम्य कमतरतेत बहुतेकदा त्यावर भागते.

जाताना आजींच्या चिठ्ठीत बदल झाले. क्लोरथॅलिडोन असलेली गोळी जाऊन नुसती टेल्मिसार्टन राहिली. टॉरसेमाइड एकदाच, सोबत २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन. पँटोप्राझोल बंद, छातीत जळजळले तर फॅमोटिडिन. मॅग्नेशियमच्या गोळ्या लहान डोसात, दिवसातून दोनदा विभागून, कारण एकदम घेतल्या तर पोट सुटते आणि जुलाबातून मॅग्नेशियमच जाते. पेजेऐवजी मऊ ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, मुगाचे पातळ वरण, दही, तिळाची चटणी. आठवड्याने पुन्हा रक्त : पोटॅशियम आणि क्रिएटिनिनबरोबर मॅग्नेशियम आणि फॉस्फरस असे नाव घेऊन. ‘इलेक्ट्रोलाइट्स’ एवढेच लिहिले असते तर लॅबने पुन्हा तेच तीन आकडे दिले असते.

शेजारच्या आजोबांनाही पायात वांब येतात म्हणून त्यांनी याच गोळ्या आणाव्यात, असे मात्र नाही. त्यांचे क्रिएटिनिन ३ आहे. कमजोर झालेले मूत्रपिंड मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही. तिथे हे दोन्ही आकडे चढलेले असतात आणि डॉक्टर फॉस्फरस कमी करण्यासाठी दूध-दही मोजून द्यायला सांगतात. त्यांच्यासाठी मॅग्नेशियमची गोळी किंवा मॅग्नेशियम असलेले पोट साफ करायचे औषधसुद्धा धोक्याचे ठरू शकते. स्पायरोनोलॅक्टोनने त्यांचे पोटॅशियम सहाच्या पुढे जाऊ शकते.